तांब्याच्या नळीतली पोलादी सळई: स्ट्रेसचं उत्तर का चुकतं आणि चूक कुठे आहे ते कसं ओळखायचं

मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला एसओएम, म्हणजे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, शिकवताना एक गणित दर वर्षी हमखास अडतं. तांब्याची नळी, तिच्या आत पोलादी सळई, दोन्ही टोकांना जाड प्लेटा आणि वरून दाब. दोन्हींतला स्ट्रेस काढा आणि जोडणी एकूण किती आखूड होईल ते सांगा. सूत्रं दोनच लागतात, तरी एकाच वर्गातून पाच वेगवेगळी उत्तरं येतात. पांढरकवडा, घाटंजी, वणीकडून एसटीनं येणारी आमची पोरं संध्याकाळच्या गाडीआधी वही घेऊन थांबतात आणि म्हणतात, "सर, उत्तर जुळूनच नाही राहिलं."

इतक्या वह्या पाहिल्यावर एक गोष्ट पक्की लक्षात आली आहे. चुका मोजक्या आहेत, आणि प्रत्येक चुकीचा आकडा ठरलेला आहे. आकडा पाहिला की वही न उलटताच सांगता येतं की गाडी कुठे घसरली. म्हणून खाली एकच गणित घेतो, आधी बरोबर सोडवतो, आणि मग चुकीच्या उत्तरावरून मागे चुकीपर्यंत जातो. शेवटी प्रॅक्टिकलबद्दलही लिहितो, कारण कागदावर बरोबर आलेलं उत्तर मशीनवर जुळत नाही ही दुसरी नेहमीची तक्रार आहे आणि तिचं कारण वेगळं आहे.

गणित

सळईचा व्यास २० मि.मी. नळीचा आतला व्यास २५ मि.मी., बाहेरचा ३५ मि.मी. दोन्हींची लांबी ३०० मि.मी. टोकांच्या प्लेटांमधून सळई आणि नळीवर मिळून ४४ किलोन्यूटन दाब. पोलादाचा यंग्ज मोड्युलस २०० गिगापास्कल, तांब्याचा १०० गिगापास्कल धरू.

सळई आणि नळी यांच्यात चारही बाजूंनी अडीच मि.मी. फट आहे, म्हणजे त्या एकमेकींना कुठेच चिकटलेल्या नाहीत. त्यांना बांधून ठेवतात त्या फक्त टोकांच्या प्लेटा. सगळं गणित या प्लेटांवर उभं आहे, आणि पोरं नेमकी त्यांच्याकडेच पाहत नाहीत. आकृतीत प्लेट म्हणजे वर-खाली दोन आडव्या रेघा, म्हणून त्या शोभेच्या वाटतात. पण प्लेट जाड आहे, वाकत नाही आणि सरळ खाली उतरते. ती जेवढी खाली येईल तेवढीच सळई आखूड होणार आणि तेवढीच नळीही. एकीला कमी, एकीला जास्त, असं प्लेट करूच शकत नाही.

यातून पहिलं समीकरण मिळतं: दोन्हींचं आखूड होणं सारखं. लांबीही सारखी असल्यामुळे स्ट्रेनही सारखा. स्ट्रेस म्हणजे स्ट्रेन गुणिले मोड्युलस, म्हणून ज्याचा मोड्युलस दुप्पट त्याचा स्ट्रेसही दुप्पट. दुसरं समीकरण साधं आहे: सळईनं उचललेला लोड आणि नळीनं उचललेला लोड मिळून ४४ किलोन्यूटन व्हायला हवेत.

आकडेमोड अशी, यात s म्हणजे पोलादी सळई, c म्हणजे तांब्याची नळी, A म्हणजे एरिया, σ म्हणजे स्ट्रेस आणि δ म्हणजे आखूड होणं:

```
As = (π/4)(20²)        = 314.16 mm²
Ac = (π/4)(35² − 25²)  = 471.24 mm²

σs = (200/100) σc = 2 σc
σs·As + σc·Ac = 44000
2σc(314.16) + σc(471.24) = 44000
1099.56 σc = 44000

σc = 40.02 N/mm²
σs = 80.03 N/mm²
δ  = σs·L/Es = 80.03 × 300 / 200000 = 0.120 mm
```

पोलादात ८० मेगापास्कल, तांब्यात ४०, आणि जोडणी ०.१२ मि.मी. आखूड. लोडची वाटणी पाहिली तर सळईकडे साधारण २५.१ किलोन्यूटन आणि नळीकडे १८.९. इथे थोडं थांबून पाहा. नळीचा एरिया सळईच्या दीडपट आहे, तरी जास्त लोड सळईनं घेतला. विटेची आणि कापसाच्या गादीची उंची सारखी असेल, दोन्हींवर एक फळी टाकली आणि त्यावर माणूस उभा राहिला, तर वजन विटेवर जातं. गादी कितीही रुंद असली तरी ती दबल्याशिवाय वजन घेत नाही, आणि वीट तिला दबू देत नाही. पोलाद इथे विटेच्या जागी आहे, फक्त दोघांतला फरक दुपटीचाच आहे.

उत्तर आल्यावर करायची तपासणी एकच आहे आणि ती अर्ध्या मिनिटाची आहे. दोन्ही स्ट्रेस घ्या आणि दोन्हींवरून आखूड होणं वेगवेगळं काढा. पोलादावरून ८०.०३ × ३०० भागिले २,००,००० म्हणजे ०.१२. तांब्यावरून ४०.०२ × ३०० भागिले १,००,००० म्हणजे ०.१२. जुळलं. मग दोन्हींचा लोड काढून बेरीज करा, ४४ किलोन्यूटन यायला हवी. दोन्ही गोष्टी जुळल्या तर विचाराची वाट बरोबर आहे. एकच जुळली तर पुढे वाचा.

दोन्हींत ५६ आलं असेल तर

सगळ्यांत जास्त वह्यांमध्ये दिसणारा आकडा हाच. ४४,००० ला दोन्ही एरियांच्या बेरजेनं, म्हणजे ७८५.४ नं, भागलं की ५६.०२ येतात आणि तेच दोन्हींचे स्ट्रेस म्हणून लिहिले जातात. बेरजेची तपासणी इथे पास होते, म्हणून पोरांना खात्री वाटते. पण आखूड होणं काढून पाहा: पोलाद ०.०८४ मि.मी., तांबं ०.१६८ मि.मी. एकच प्लेट एकाच वेळी सळईजवळ ०.०८४ आणि नळीजवळ ०.१६८ खाली जाऊ शकत नाही. म्हणजे दोन्ही एकाच धातूचे आहेत असं नकळत धरलं गेलं. दोन्ही पोलादी असते किंवा दोन्ही तांब्याचे असते, तर ५६ हेच बरोबर उत्तर होतं.

काही जण लोड एरियाच्या प्रमाणात वाटतात आणि त्यांना वाटतं आपण काही वेगळं केलं. पण एरियाच्या प्रमाणात वाटणं म्हणजे स्ट्रेस सारखा धरणंच. शेवटी आकडा तोच येतो, ५६.

पोलादात ७०, तांब्यात ४६.७ आलं असेल तर

इथे लोड अर्धा-अर्धा झाला आहे, दोघांना २२-२२ किलोन्यूटन. आखूड होणं काढलं तर पोलाद ०.१०५, तांबं ०.१४०. जुळत नाही.

या आकड्याकडे दोन रस्त्यांनी येता येतं, आणि दुसरा रस्ता समजून घेण्यासारखा आहे. पहिला रस्ता साधा: "दोघाले सारखाच लोड येईन ना, सर?" म्हणून दोननं भागणं. दुसऱ्या रस्त्यावर अभ्यास करणारी पोरं सापडतात. त्याच प्रकरणात दुसरं एक गणित असतं, नळीतून बोल्ट घालून नट आवळण्याचं. त्यात बाहेरून लोड नसतो. बोल्ट ताणला जातो, नळी दाबली जाते, आणि दोघांतलं बळ सारखं आणि उलट असतं. म्हणून तिथे σs·As = σc·Ac लिहितात आणि ते तिथे बरोबर आहे. तापमान वाढण्याच्या गणितातही तसंच. पाठ झालेलं ते समीकरण इथे चिकटवलं आणि बेरीज ४४ केली की आपोआप २२-२२ होतात.

यातला फरक आकृतीवरूनच कळतो. वरच्या प्लेटवर बाहेरून बाण आहे का ते पाहा. बाण असेल तर सळई आणि नळी दोघी मिळून त्याला पेलतात, दोघीही दाबल्या जातात आणि त्यांच्या लोडची बेरीज होते. बाण नसेल, फक्त नट आवळला असेल किंवा तापमान बदललं असेल, तर त्या एकमेकींविरुद्ध ढकलतात आणि त्यांचं बळ सारखं असतं. मी वर्गात प्लेट वेगळी काढून तिच्यावरचे सगळे बाण काढायला लावतो. वरून ४४ खाली, खालून सळईचा वर, नळीचा वर. हे तीन बाण दिसले की चुकीचं समीकरण लिहायला हात धजत नाही.

पोलादात ३५, तांब्यात ७० आलं असेल तर

मोड्युलर रेशो उलटा लागला. σs = 2σc ऐवजी σc = 2σs. हे आकडे लगेच खटकायला हवेत: तांबं मऊ, मग त्यात पोलादाच्या दुप्पट स्ट्रेस कसा? आखूड होणं तपासलं तर पोलाद ०.०५३ आणि तांबं ०.२१०, चौपट फरक. चौपट हीच खूण आहे. रेशो उलटला की फरक रेशोच्या वर्गाइतका येतो, आणि दोनाचा वर्ग चार.

रेशो पाठ करू नका, दर वेळी δ पासून लिहा. σs·L/Es = σc·L/Ec, L कापला जातो, राहिलं ते आपोआप बरोबर पडतं. एक ओळ जास्त लागते, पण उलटण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय एखाद्या गणितात सळई आणि नळीची लांबी वेगळी दिली असेल, तर L कापला जात नाही हेही तिथेच दिसतं. पाठ केलेला रेशो अशा गणितात गुपचूप फसवतो.

तपासणी पास झाली, तरी उत्तर जुळत नाही

पोलादात १२४.५, तांब्यात ६२.२ आलं. आखूड होणं दोन्हींवरून ०.१८७. बेरीज ४४ किलोन्यूटन. सगळं जुळतं, तरी चूक आहे. किंवा पोलादात ५५.३, तांब्यात २७.७, आखूड होणं ०.०८३, तेही आतून जुळतं.

या दोन्ही चुका नळीच्या एरियात आहेत. पहिल्यात (३५ − २५) चा वर्ग घेतला, म्हणजे १० चा वर्ग, आणि एरिया ७८.५ आला. दुसऱ्यात आतलं भोक वजा करायचं राहिलं आणि पूर्ण ३५ व्यासाच्या गोलाचा एरिया, ९६२.१, धरला. वर सांगितलेली तपासणी फक्त विचाराची चूक पकडते. एरिया सुरुवातीलाच चुकला तर पुढचं सगळं त्या चुकीच्या एरियाशी इमानानं जुळतं, आणि तपासणीला काहीच दिसत नाही.

त्यासाठी एरिया दुसऱ्या वाटेनं काढून पाहायचा. नळी उभी चिरून सपाट केली अशी कल्पना करा. तिची जाडी ५ मि.मी., आणि रुंदी मधल्या व्यासाचा परीघ. मधला व्यास ३०, परीघ ९४.२५, गुणिले ५ म्हणजे ४७१.२. ही अंदाजाची पद्धत नाही, उत्तर तंतोतंत तेच येतं, कारण ३५² − २५² म्हणजे (३५ + २५)(३५ − २५), आणि त्यात ६० हे मधल्या व्यासाच्या दुप्पट, १० हे जाडीच्या दुप्पट. नळीचं कुठलंही गणित असो, एरिया दोन्ही वाटांनी काढायची सवय लावा.

सगळं बरोबर करूनही पुस्तकामागच्या उत्तरापेक्षा थोडं वेगळं येण्याचं आणखी एक कारण असतं, आणि त्यात तुमचा दोष नाही. तांब्याचा मोड्युलस काही पुस्तकं १०० धरतात, काही १२०. आपल्या गणितात १२० घेतला तर तांब्यात ४४.२, पोलादात ७३.७ आणि आखूड होणं ०.१११ मि.मी. येतं. म्हणून उत्तर ताडण्याआधी त्या पुस्तकानं कोणता मोड्युलस घेतला ते पाहा. परीक्षेत प्रश्नात दिलेलाच घ्यायचा.

०.२४ आलं असेल तर

दोन्ही स्ट्रेस बरोबर, आणि शेवटच्या ओळीत ०.१२ अधिक ०.१२ बरोबर ०.२४. स्ट्रेस बरोबर काढण्याइतकं समजलेल्या पोरांकडून ही चूक होते, म्हणून मला ती जास्त लागते.

"सर, एकूण मनलं हाय नं, मंग बेरीज नाही का करा लागत?" असं एका मुलीनं विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे, कारण त्याच्या आधीच्या प्रकरणात पायऱ्यापायऱ्यांची सळई असते, एक तुकडा संपला की दुसरा सुरू. तिथे तुकडे एकामागे एक असतात, प्रत्येकातून पूर्ण लोड जातो, आणि प्रत्येकाचं आखूड होणं मिळवावं लागतं. इथे सळई आणि नळी एकामागे एक नाहीत, शेजारी-शेजारी आहेत. इथे वाटला जातो तो लोड, आणि आखूड होणं दोघींचं एकच.

मी तिला वरची प्लेट कुठून कुठे गेली एवढंच मोजायला सांगितलं. सुरुवातीला प्लेट ३०० वर होती, नंतर २९९.८८ वर. सळईच्या डोक्यावर पट्टी लावली काय आणि नळीच्या काठावर लावली काय, तेच.

याच विचारातून एक झटपट वाट निघते. प्रत्येकीचा कडकपणा A·E/L काढा. सळईचा २०९.४ किलोन्यूटन प्रति मि.मी., नळीचा १५७.१. शेजारी-शेजारी असल्यामुळे कडकपणाची बेरीज होते, ३६६.५. ४४ ला त्यानं भागलं की ०.१२. स्ट्रेस न काढताच आखूड होणं मिळालं, आणि आधीच्या उत्तराची पूर्ण वेगळी तपासणीही झाली.

मशीनवर ०.१२ का येत नाही

आता प्रॅक्टिकल. वर्कशॉपमध्ये सळई आणि नळी कापून, लेथवर टोकं फेस करून जोडणी तयार केली, यूटीएम म्हणजे युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनमध्ये ठेवली, ४४ किलोन्यूटन लावले. डायल गेजवर ०.१२ ऐवजी ०.१५ दिसतं. मग जर्नलमध्ये कारण म्हणून "मशीनची त्रुटी" लिहून मोकळं होतात. बहुतेक वेळा मशीन बरोबर असतं. सळई नळीपेक्षा किंचित आखूड असते.

किंचित म्हणजे किती? ०.०५ मि.मी. धरू, वहीच्या कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. वर्नियरवर मोजताना हा फरक सहज निसटतो. पण आपलं सगळं आखूड होणंच ०.१२ आहे, त्यापुढे ०.०५ लहान नाही.

असं असेल तर प्लेट आधी फक्त नळीवर टेकते. सळईचं डोकं खालीच असतं, तिच्यावर काहीच येत नाही. नळी ०.०५ मि.मी. दबेपर्यंत हेच चालतं. त्यासाठी लागणारा लोड म्हणजे नळीचा कडकपणा गुणिले फट, १५७.१ × ०.०५, साधारण ७.८५ किलोन्यूटन. त्यानंतर प्लेट सळईला लागते आणि तिथून पुढचा लोड दोघींत वाटला जातो. उरलेले ३६.१५ किलोन्यूटन आपल्या आधीच्याच समीकरणात टाकायचे:

```
1099.56 σc' = 36146
σc' = 32.87,  σs = 65.75 N/mm²

σc = 16.67 + 32.87 = 49.54 N/mm²
δ  = 0.05 + 0.0986 = 0.149 mm
```

यातले १६.६७ हे फट बुजेपर्यंत नळीत आलेले स्ट्रेस आहेत, ७८५४ भागिले ४७१.२४. म्हणजे अर्ध्या कागदाएवढ्या फटीमुळे तांब्यातला स्ट्रेस ४० वरून ४९.५ वर गेला आणि पोलादातला ८० वरून ६६ वर आला. इथे स्ट्रेन सारखा राहिलेला नाही, म्हणून "पोलादात तांब्याच्या दुप्पट" हा नियम एकूण स्ट्रेसला लागू पडत नाही. तो फक्त फट बुजल्यानंतर वाढलेल्या भागाला लागतो.

उलटही होतं. सळई लांब राहिली तर आधी सळई दबते आणि नळी हलकी राहते. पद्धत तीच, फक्त पहिल्या टप्प्यात नळीऐवजी सळईचा कडकपणा घ्यायचा.

विदर्भात याला ऋतूची एक बाजू आहे. तांबं पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं. एक अंश तापमान वाढलं की तांब्याच्या लांबीत दहा लाखात साधारण १७ भागांची वाढ होते, पोलादाच्या लांबीत सुमारे १२ भागांची. हिवाळ्यात २५ अंशांना दोन्ही तंतोतंत सारख्या लांबीच्या केल्या आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ४५ अंशांना प्रयोग केला, तर ३०० मि.मी. लांबीची नळी सळईपेक्षा ०.०३ मि.मी. लांब झालेली असते. प्लेटा नुसत्या टेकवलेल्या आहेत, बोल्टनं आवळलेल्या नाहीत, म्हणून ही पूर्ण फट सळईच्या वाट्याला येते. लेथवरून नुकत्या काढलेल्या गरम तुकड्यांची लांबी मोजून जुळवली तरी फरक पडतो, फक्त उलटा: दोन्ही सारख्याच गरम असतील तर थंड झाल्यावर नळी सळईपेक्षा आखूड राहते. आमच्या वर्कशॉपमधले इन्स्ट्रक्टर तुकडे दोन तास सावलीत ठेवल्याशिवाय मोजू देत नाहीत, आणि ते बरोबर आहेत.

फट आहे का, हे कसं कळेल

लोड लावण्याआधी कळतं. नळी सरफेस प्लेटवर उभी करा, आत सळई उभी करा. स्टँडवरच्या डायल गेजची टीप नळीच्या काठावर टेकवून शून्य करा, टीप उचलून सळईच्या डोक्यावर न्या. गेज जो फरक दाखवेल तीच फट. चारही बाजूंनी घ्या, कारण फेसिंग थोडं तिरकं गेलं असेल तर एका बाजूला ०.०२ आणि समोर ०.०६ असंही दिसतं. फरक सगळीकडे सारखा असेल तर त्या जाडीची पितळी शिम सळईखाली ठेवून तो भरून काढता येतो. तिरका असेल तर शिमनं भागत नाही, टोक पुन्हा फेस करावं लागतं.

लोड लावतानाही कळतं, पण त्यासाठी दर ४ किलोन्यूटनला रीडिंग घ्यायला हवं, नुसतं शेवटचं नाही. फट नसेल तर गेज दर ४ किलोन्यूटनला साधारण ०.०११ मि.मी. पुढे जातो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. फट असेल तर आधी दर ४ ला ०.०२५ नं पळतो आणि मग एकदम ०.०११ वर येतो. लोड उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढला की रेघ तिथे वाकते. वाकलेल्या जागेचा लोड वाचा, नळीच्या कडकपणानं भागा, फट हातात येते. आपल्या उदाहरणात रेघ ७.८५ ला वाकेल आणि फट ०.०५ निघेल. मग तो आकडा जर्नलमध्ये लिहा, "मशीनची त्रुटी" नको.

साधा डायल गेज ०.०१ मि.मी. वाचतो. म्हणजे आपला अख्खा प्रयोग बारा घरांचा आहे आणि एका घराची चूक आठ टक्क्यांची. म्हणून एकच गेज लावू नका. प्लेटच्या दोन समोरासमोरच्या कडांना दोन गेज लावून सरासरी घ्या. प्लेट एका बाजूला कलली तर एक गेज जास्त दाखवेल, दुसरा कमी, आणि सरासरीत ते निघून जाईल. प्रत्येक गेज दोन्ही प्लेटांमधलं अंतर मोजेल असा बसवा. यूटीएमच्या स्वतःच्या स्केलवरून घेतलेल्या रीडिंगमध्ये मशीनच्या भागांचं बसणं आणि दबणंही येतं, ते आपल्या जोडणीचं नसतं.

आणखी एक गोष्ट फक्त लोड काढतानाच दिसते. लोड शून्यावर आणल्यावर गेज शून्यावर परत आला नाही, ०.०१ किंवा ०.०२ वरच राहिला, आणि पुन्हा लोड लावून काढल्यावर तो तिथेच परत येत असेल, तर पहिल्या वेळी टोकं नीट बसली एवढंच झालं. दुसऱ्यांदाही तो आणखी सरकत असेल तर तांबं कायमचं दबायला लागलं आहे. भट्टीत तापवून मऊ केलेली तांब्याची नळी अगदी कमी स्ट्रेसलाच सरळ रेषा सोडते, थंड ओढलेली कडक नळी मात्र त्याच्या कितीतरी पट सहन करते. आपल्या ४० किंवा ४९.५ मेगापास्कलला मऊ नळी टिकेलच असं नाही. दुकानातून गुंडाळीत मिळणारी, हातानं सहज वाकणारी नळी मऊ असते. सरळ दांड्यात मिळणारी बहुधा कडक असते. पण वेल्डिंगच्या टॉर्चनं ती एकदा लाल केली की तीही मऊ होते.

तांबं असं दबायला लागलं की आपली सगळी समीकरणं तिथे थांबतात, कारण ती स्ट्रेस आणि स्ट्रेन सरळ प्रमाणात आहेत असं धरून लिहिलेली आहेत. नळीचा वाटा मग जवळजवळ जागेवर राहतो आणि वाढणारा लोड सळईकडे सरकतो. आलेखाची रेघ पुन्हा वाकते, पण या वेळी उलटी: फट बुजताना ती जास्त उभी झाली होती, आता जास्त आडवी होते, आणि दर ४ किलोन्यूटनला गेज ०.०११ पेक्षा जास्त पुढे जातो. असं दिसलं तर त्या लोडच्या अलीकडचीच रीडिंग गणिताशी ताडायची, आणि ती नळी पुढच्या बॅचला द्यायची नाही, कारण तिची लांबी आता ३०० राहिलेली नाही.